फंड न मोडता बिल भरायचं असेल तर

मेडिक्लेम किती लाखांचा घ्यावा, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक घरांत हप्त्याच्या बाजूने सोडवला जातो. वर्षाला वीस-पंचवीस हजार परवडतात, तेवढ्यात पाच लाखांची पॉलिसी बसते, म्हणून पाच लाख. पुढे दहा-बारा वर्षं पॉलिसी न चुकता नूतनीकरण होत राहते, आकडा तोच राहतो आणि त्याच काळात घराची दुसरी बाजू वाढत जाते. एसआयपी सुरू होतात, पीपीएफ भरत जातो, मुलीच्या शिक्षणासाठी आणि निवृत्तीसाठी वेगळे फंड उभे राहतात. मग एखादं मोठं आजारपण येतं आणि पॉलिसी जिथे संपते तिथून पुढचं बिल या फंडांतून भरलं जातं. कुणी तसं ठरवलेलं नसतं, पण घरात तेवढाच पैसा असतो.

म्हणून हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडवायला हवा. बिल केवढंही आलं तरी दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीला हात लागू नये, यासाठी विमा केवढा हवा आणि कसा रचलेला हवा? या दोन प्रश्नांपैकी दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पाच लाखांची पॉलिसी पाच लाख देतेच असं नाही, आणि एक कोटीची पॉलिसीसुद्धा चुकीची रचली तर मोक्याच्या वेळी शून्य देऊ शकते.

उदाहरणासाठी पुण्यातलं एक घर घेऊ. घर कल्पित आहे आणि त्याचे आकडे मानलेले आहेत, पण अशी घरं कोथरूडपासून डोंबिवलीपर्यंत सगळीकडे आहेत. नवरा ४६ वर्षांचा, खासगी कंपनीत. बायको ४३ वर्षांची, शिक्षिका. मुलगी नववीत. नवऱ्याची आई ७२ वर्षांची, मधुमेह असलेली. इक्विटी म्युच्युअल फंडांत ३८ लाख, पीपीएफमध्ये ११ लाख, बँकेत मुदत ठेव ३ लाख. नवरा-बायको आणि मुलगी यांची मिळून २०१४ साली घेतलेली ५ लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी. आईची वेगळी पॉलिसी, तीही ५ लाखांची.

विकण्याची वेळ आपल्या हातात नसते

फंडात ३८ लाख असताना दहा लाख काढले तर एवढं काय बिघडतं, असं वाटू शकतं. काय बिघडतं ते २०२० साली दिसलं. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता. २३ मार्चला तो एका दिवसात ३,९०० अंकांहून जास्त घसरला आणि २६ हजारांच्या खाली बंद झाला. त्या आठवड्यात कुणाच्या घरी हृदयविकाराचा झटका आला असेल आणि १० लाखांसाठी इंडेक्स फंड मोडावा लागला असेल, तर विकलेल्या युनिटांची किंमत दोन महिन्यांपूर्वी साधारण १६ लाख होती. जानेवारी २०२१ मध्ये सेन्सेक्सने ५० हजारांचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला, तेव्हा त्याच युनिटांचे १९ लाख झाले असते. म्हणजे १० लाखांचं बिल त्या घराला दहा महिन्यांत १९ लाखांना पडलं. पुढच्या वर्षांची वाढ यात धरलेली नाही.

बाजार चढा असतानाही विक्री फुकट होत नाही. इक्विटी फंडातल्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के कर लागतो. एरवी हा नफा थोडा थोडा करून, प्रत्येक वर्षाची सवलत वापरत काढता येतो. रुग्णालयाच्या बिलासाठी तो एका झटक्यात काढावा लागतो. शिवाय फंडाचे पैसे खात्यात यायला कामकाजाचे दोन-तीन दिवस जातात, आणि अनामत रक्कम मात्र ॲडमिशनच्या खिडकीवर तेव्हाच द्यायची असते.

पाच लाखांची पॉलिसी किती देते

या घरातल्या नवऱ्याची एक मोठी शस्त्रक्रिया झाली आणि ६ लाखांचं बिल आलं असं समजू. पॉलिसी ५ लाखांची आहे, तेव्हा खिशातून १ लाख जातील असा घरच्यांचा अंदाज असेल. प्रत्यक्षात तसं होणार नाही, कारण त्यांच्या पॉलिसीत एक जुनी अट आहे: खोलीचं भाडं दिवसाला विमा राशीच्या एक टक्का, म्हणजे ५,००० रुपयांपर्यंत, आयसीयूचं दोन टक्के, म्हणजे १०,००० रुपयांपर्यंत. नवऱ्याला सिंगल रूम दिली गेली. तिचं भाडं दिवसाला १०,००० रुपये होतं.

भाड्यातला फरक आपण भरू, एवढ्यावर हे थांबत नाही. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या व्हिजिट, नर्सिंग या सगळ्यांचे दर खोलीच्या वर्गानुसार बदलतात. जनरल वॉर्डमधल्या आणि सिंगल रूममधल्या रुग्णाचं ऑपरेशन एकच असतं, पण दरपत्रकातली रांग वेगळी असते. म्हणून विमा कंपनी म्हणते की तुमची पात्रता ५,००० ची आणि तुम्ही राहिलात १०,००० च्या खोलीत, तेव्हा हे खर्चही आम्ही निम्मेच देणार. याला प्रमाणशीर कपात म्हणतात. औषधं, इम्प्लांट, वैद्यकीय उपकरणं आणि तपासण्या यांना ही कपात लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चालाही नाही, आणि जे रुग्णालय खोलीनुसार दर बदलतच नाही तिथेही नाही. विमा नियामक आयआरडीएआयने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. तरी उरतं तेही पुष्कळ असतं.

आता हिशेब मांडू. खोलीचे ६ दिवसांचे ६०,००० झाले, कंपनी ३०,००० देईल. आयसीयूचे २ दिवसांचे ३६,००० झाले, मर्यादेनुसार २०,००० मिळतील. सर्जन, थिएटर, भूल, व्हिजिट, नर्सिंग मिळून २,६०,००० झाले, त्यांचे निम्मे १,३०,००० मिळतील. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांचे २,१४,००० पूर्ण मिळतील. हातमोजे, मास्क, ॲडमिशन किट अशा, पॉलिसीत न बसणाऱ्या गोष्टींचे ३०,००० झाले, त्यांतला रुपयाही मिळणार नाही. बेरीज केली तर ६ लाखांच्या बिलात कंपनी देते ३,९४,००० आणि घर भरतं २,०६,०००. पाच लाखांच्या पॉलिसीतले एक लाख सहा हजार वापरलेच गेले नाहीत, आणि तरीही घराच्या मुदत ठेवीतला दोन-तृतीयांशाहून जास्त भाग गेला.

खोलीच्या भाड्यावर मर्यादा नसती, तर याच बिलात ५,७०,००० ग्राह्य धरले गेले असते आणि कंपनीने आपले पूर्ण ५ लाख दिले असते.

या हिशेबातून मला विमा मोजायची खरी रीत सापडते. पॉलिसीतली प्रत्येक अट वाचताना एकच विचारायचं: यामुळे माझ्या खिशातून जाणारी रक्कम ठरावीक राहते, की बिलाबरोबर वाढत जाते? प्रमाणशीर कपात बिलाबरोबर वाढते. वीस टक्के को-पे बिलाबरोबर वाढतो. विमा राशी संपल्यावर उरलेलं सगळं बिल तर पूर्ण आपलंच. याउलट डिडक्टिबल, म्हणजे पहिली अमुक रक्कम तुमची आणि पुढची आमची, हा एक ठरावीक आकडा असतो. ठरावीक आकड्याएवढी मुदत ठेव करून ठेवता येते. टक्केवारीसाठी केवढी ठेव करावी हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून हप्ता परवडत नसेल तेव्हा को-पे किंवा खोलीची मर्यादा स्वीकारून तो कमी करण्यापेक्षा डिडक्टिबल वाढवून कमी करावा, असं माझं ठाम मत आहे. विकणारे बहुतेकदा उलटं सुचवतात, कारण को-पे आज दुखत नाही.

किती मोठं बिल गृहीत धरायचं

यासाठी देशभराच्या सरासऱ्यांचा उपयोग नाही. सरासरी बिलाने कुणाचा फंड मोडत नाही. आपण प्रत्यक्षात ज्या रुग्णालयात जाऊ, त्याच रुग्णालयाच्या बिलिंग किंवा टीपीए डेस्कवर जाऊन अंदाज विचारावा. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार दरपत्रक ठळक जागी लावणं रुग्णालयावर बंधनकारक आहे, तेव्हा विचारायला संकोच नको. विचारायचं ते बायपासपुरतं नाही. व्हेंटिलेटरवर तीन आठवडे आयसीयूत राहिलं तर किती? यकृत प्रत्यारोपणाचं, दात्याच्या शस्त्रक्रियेसह, किती? बोन मॅरो ट्रान्सप्लांटचं किती? कॅन्सरच्या वर्षभराच्या उपचाराचं, त्यात इम्युनोथेरपी लागली तर, किती? ही उत्तरं कागदावर लिहून आणावीत.

आपल्या घराच्या कागदावर दोन आकडे आले असं मानू: लांबलेल्या आयसीयूचं बिल १८ लाख आणि प्रत्यारोपणाचं ३० लाख. जुन्या पॉलिसीवर पहिल्या प्रसंगी खिशातून १३ लाख जातील, दुसऱ्या प्रसंगी २५ लाख. ३८ लाखांच्या फंडातले २५ लाख म्हणजे मुलीचं शिक्षण किंवा दोघांची निवृत्ती, यांतली एक गोष्ट गेली.

यात दोन भर घालाव्या लागतात. फ्लोटर पॉलिसीत राशी सगळ्यांची मिळून एकच असते, तेव्हा एका वर्षात दोघं आजारी पडण्याची शक्यता धरायला हवी. एकाच अपघातात दोघं सापडतात तेव्हा हेच होतं. दुसरी भर महागाईची. उपचारांचा खर्च वर्षाला १० टक्क्यांनी वाढला असं धरलं, तर आजचं १८ लाखांचं बिल सात-सव्वासात वर्षांत दुप्पट होतं आणि पंधरा वर्षांनी, म्हणजे नवरा ६१ चा होईल तेव्हा, ७५ लाखांपर्यंत जातं. पुढे पाहू की, तेव्हा वाढवू, असं म्हणणाऱ्यांना एक अडचण लक्षात येत नाही. विमा राशी वाढवायची झाली की कंपनी पुन्हा तब्येत तपासते. तोवर मधुमेह किंवा रक्तदाब आला असेल तर वाढ नाकारली जाऊ शकते, आणि मंजूर झाली तरी वाढीव रकमेसाठी प्रतीक्षा कालावधी नव्याने सुरू होतो. आधीपासूनच्या आजारांसाठी तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. म्हणून पंधरा वर्षांनंतरचा आकडा आज, तब्येत धड असताना, घेऊन ठेवावा लागतो. या घरासाठी माझा आकडा एक कोटी आहे.

या बेरजेत दोन गोष्टी धरू नयेत. राशी संपल्यावर ती पुन्हा भरून देण्याची सोय जाहिरातीत मोठी दिसते, पण अनेक पॉलिसींत ती त्याच आजारासाठी किंवा त्याच ॲडमिशनसाठी चालत नाही. एकाच प्रचंड बिलाला तिचा आधार नसतो. आणि क्लेम न केल्याबद्दल साठलेला बोनस एका क्लेमनंतर कमी होऊ शकतो, त्यामुळे तो वरकड समजावा.

कोटीची रचना

एक कोटीची सरळ पॉलिसी महाग पडते. स्वस्त पडतो तो सुपर टॉप-अप: १० लाखांची मूळ पॉलिसी, आणि तिच्यावर १० लाखांच्या डिडक्टिबलचा ९० लाखांचा सुपर टॉप-अप. राशी नऊपट असूनही त्याचा हप्ता सहसा मूळ पॉलिसीहून बराच कमी असतो, कारण १० लाख ओलांडणारी बिलं फार थोड्या घरांत येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. ज्या घराचा मूळ हप्ता ३०,००० आहे त्याचे वर्षाला ५,४०० रुपये वाचतात. कंपनीने मूळ दर वाढवला नसेल, तर सुपर टॉप-अपच्या हप्त्याचा मोठा भाग तेवढ्यात निघू शकतो.

पण इथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात, म्हणून जरा थांबतो.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप ही दोन वेगळी उत्पादनं आहेत. साधा टॉप-अप प्रत्येक ॲडमिशनचं बिल वेगळं मोजतो. सुपर टॉप-अप वर्षभरातल्या सगळ्या बिलांची बेरीज करतो. समजा ऑगस्टमध्ये ७ लाखांचं बिल आलं आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा ७ लाखांचं. मूळ पॉलिसी १० लाख देऊन संपली, वर ४ लाख उरले. साधा टॉप-अप म्हणेल की एकही बिल १० लाखांच्या वर नाही, आणि काहीच देणार नाही. सुपर टॉप-अप बेरीज १४ लाख धरून ४ लाख देईल.

देईल, पण तारखा जुळत असतील तरच. मूळ पॉलिसीचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि सुपर टॉप-अप घाईघाईत ऑक्टोबरमध्ये घेतला, अशी कल्पना करा. ऑगस्टचं बिल सुपर टॉप-अपच्या एका वर्षात पडतं, नोव्हेंबरचं पुढच्या वर्षात. दोन्ही वर्षांत बेरीज सातच लाख होते, डिडक्टिबल ओलांडलं जात नाही, आणि ४ लाख खिशातून जातात. कागदावर एक कोटीचा विमा असतो, कंपनीनं काही नाकारलेलंही नसतं, तरी फंड मोडतो. दोन्ही पॉलिसींची सुरुवातीची तारीख एक असावी, हे विकताना फारसं कुणी सांगत नाही.

दोन्ही पॉलिसी शक्यतो एकाच कंपनीच्या असाव्यात हेही त्याच कारणाने. कंपन्या वेगळ्या असल्या की दुसरी कंपनी पहिलीचं सेटलमेंट लेटर मागते, आणि पहिलीचा हिशेब डिस्चार्जपर्यंत पूर्ण होत नाही. मग वरची रक्कम आधी स्वतः भरून नंतर परत मागावी लागते.

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहावी. डिडक्टिबल म्हणजे फक्त एक रक्कम. ती मूळ पॉलिसीने भरली की तुम्ही, याच्याशी सुपर टॉप-अपला देणं-घेणं नसतं. तो आपल्या नियमांनी बिल तपासतो, ग्राह्य रकमेतून डिडक्टिबल वजा करतो आणि वरचं देतो. म्हणजे मूळ पॉलिसीत खोलीच्या मर्यादेमुळे पडलेलं भोक तो बुजवत नाही. मघाच्या ६ लाखांच्या बिलात जुन्या ५ लाखांच्या पॉलिसीवर ५ लाख डिडक्टिबलचा, खोलीची मर्यादा नसलेला सुपर टॉप-अप असता, तर त्याने ग्राह्य ५,७०,००० मधून ५ लाख वजा करून ७०,००० दिले असते. मूळ पॉलिसीचे ३,९४,००० धरून ४,६४,००० मिळाले असते आणि खिशातून १,३६,००० गेले असते.

आता नवी रचना तिन्ही बिलांवर तपासू. मूळ पॉलिसी १० लाखांची, खोलीच्या मर्यादेविना आणि को-पेविना. वर ९० लाखांचा सुपर टॉप-अप, त्याच अटींचा. ६ लाखांच्या बिलात न बसणाऱ्या वस्तूंचे ३०,००० खिशातून जातात. १८ लाखांच्या बिलात अशा वस्तूंचे १,१०,००० धरले, तर मूळ पॉलिसी १० लाख देते, सुपर टॉप-अप ६,९०,००० देतो, खिशातून १,१०,०००. ३० लाखांच्या प्रत्यारोपणात न बसणाऱ्या वस्तू आणि दात्याच्या ॲडमिशनपूर्वीच्या तपासण्या, ज्या अनेक पॉलिसींत बसत नाहीत, मिळून खिशातून ३ लाख धरू. बिल पाचपट झालं तरी सगळ्यात वाईट आकडा ३ लाखांवर थांबतो. त्यावर थोडी सैल जागा ठेवून ४ लाखांचा आजारपणाचा निधी पुरतो, आणि ३ लाखांची ठेव तर आधीपासून आहे. विमा पुरेसा आहे की नाही, याची माझ्या मते हीच एक कसोटी: सगळ्यात वाईट बिलात खिशातून जाणारी रक्कम या निधीपेक्षा कमी आहे का?

कॅन्सरसाठी ही कसोटी वेगळी लावावी. इम्युनोथेरपी, तोंडाने घ्यायची केमोथेरपी, रोबोटिक शस्त्रक्रिया अशा आधुनिक उपचारांना काही पॉलिसींत उपमर्यादा असते. एकूण राशी कोटीची असली तरी त्या उपचाराला ठरावीक रक्कमच मिळते. जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीबरोबर नव्या नमुन्यातलं ग्राहक माहिती पत्रक मिळतं. त्यात उपमर्यादांचा रकाना असतो. पॉलिसीची पन्नास पानं वाचवत नसतील तर निदान तो रकाना वाचावा.

परत मिळणारे पैसेही आधी लागतात

आतापर्यंत मोजलं ते कधीच परत न मिळणारं. पण फंड मोडण्याचं आणखी एक कारण असतं: विमा कंपनी पूर्ण पैसे देते, पण नंतर देते. कॅशलेस नाकारलं गेलं, किंवा अपघातानंतर रुग्णाला जवळच्या, नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयात न्यावं लागलं, तर सगळं बिल आधी आपण भरायचं आणि मग क्लेम टाकायचा. २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत यायला हवी, पण प्रतिपूर्तीच्या क्लेमला आठवडे जातात.

हे पैसे परत येणारच आहेत, म्हणून त्यांच्यासाठी विक्री करू नये, कर्ज घ्यावं. म्युच्युअल फंड तारण ठेवून इक्विटी फंडाच्या साधारण निम्म्या किमतीएवढी कर्जमर्यादा मिळते, आणि व्याज वापरलेल्या रकमेवरच लागतं. १८ लाख दोन महिन्यांसाठी साडेदहा टक्क्यांनी वापरले तर व्याज होतं साधारण ३१,५००. युनिटं जागेवर राहतात, कंपनीचे पैसे आले की कर्ज फिटतं. ही मर्यादा आजारपणाच्या आधीच मंजूर करून ठेवावी. आयसीयूच्या बाहेर बसून ती करणं फार कठीण जातं.

या सोयीलाही सीमा आहे. ३८ लाखांच्या फंडावर १९ लाख मिळतात, पण बाजार मार्च २०२० सारखा कोसळला तर फंड साडेतेवीस लाखांवर येतो आणि मर्यादा बारा लाखांच्या आत. शिवाय बाजार आणखी पडला तर बँक जादा तारण मागते. त्यामुळे ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी तरी नेटवर्कमधलंच रुग्णालय निवडावं, आणि ते नेटवर्कमध्ये आहे का, हे ॲडमिशनच्या आठवड्यात पुन्हा विचारून घ्यावं. गेल्या वर्षीची यादी यंदा चालेलच असं नाही.

आईचं गणित

या घरातली सगळ्यात मोठी जोखीम आईची आहे, आणि तिच्यासाठी वरची रचना तशीच लागू होत नाही. तिला फ्लोटरमध्ये घेऊ नये. फ्लोटरचा हप्ता सर्वांत मोठ्या वयाच्या सदस्यावर ठरतो आणि तिची बिलं सगळ्यांची राशी खातात. बहात्तराव्या वर्षी मधुमेहासह सुपर टॉप-अप मिळतोच असं नाही, आणि मिळाला तरी मधुमेहासाठी थांबावं लागतं. तिच्या ५ लाखांच्या पॉलिसीत २० टक्के को-पे आहे. ९ लाखांचं बिल आलं आणि त्यातले ८,४०,००० ग्राह्य ठरले, तर को-पे वजा जाता ६,७२,००० होतात, राशी ५ लाखांची म्हणून ५ लाख मिळतात. खिशातून ४ लाख.

ऑक्टोबर २०२४ पासून ७० किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. खासगी पॉलिसी असली तरी. आईचं कार्ड आजच काढून ठेवावं. मात्र ते योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांतच चालतं, म्हणून आपल्या भागातली अशी रुग्णालयं कोणती आणि तिथे हृदय, मूत्रपिंड, सांधे यांपैकी काय होतं, हे आधी पाहायला हवं.

एवढं करूनही आईच्या बाबतीत खिशातून जाणारा आकडा ठरावीक होत नाही, हे मान्य करून पुढे जावं लागतं. अशा वेळी विम्याची उणीव निधीने भरावी लागते. या घराने आईच्या नावाने ८ लाखांची वेगळी ठेव उभी करावी असं मी सांगेन, गरज पडली तर दोन वर्षांच्या एसआयपीतला काही भाग तिकडे वळवून. ही ठेव फंडात नको, बँकेतच हवी. चालू एसआयपीची रक्कम वळवणं आणि पंधरा वर्षं वाढलेली युनिटं पडत्या बाजारात विकणं, यांत पहिलं कितीतरी स्वस्त आहे.

जुनी पॉलिसी सोडण्याआधी

२०१४ ची पॉलिसी टाकून नवी घेऊ नये, पोर्ट करावी. पोर्ट केल्यावर जुन्या राशीपुरता प्रतीक्षा कालावधी संपलेलाच धरला जातो, आणि वाढीव ५ लाखांसाठीच तो नव्याने लागतो. अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी करावा आणि त्यात तब्येतीविषयी सगळं लिहावं, विसरलेला थायरॉइडसुद्धा. सलग पाच वर्षं पॉलिसी चालल्यानंतर फसवणूक सोडून इतर कारणाने कंपनी माहिती दडवल्याचा आक्षेप घेऊ शकत नाही, पण पहिल्या पाच वर्षांत नाकारल्या जाणाऱ्या मोठ्या क्लेममध्ये हेच कारण वारंवार पुढे येतं.

नवी कंपनी पोर्टिंग नाकारू शकते. तिचा लेखी होकार येईपर्यंत जुनी पॉलिसी चालू ठेवावी. नकार आला तर त्याच ५ लाखांवर, त्याच तारखेला, ५ लाख डिडक्टिबलचा आणि खोलीची मर्यादा नसलेला सुपर टॉप-अप घ्यावा. मग ६ लाखांच्या बिलात १,३६,००० खिशातून जातील, जे चांगलं नाही. पण १८ लाखांच्या बिलात जुनी पॉलिसी कपात करूनही आपले ५ लाख देऊन संपेल, सुपर टॉप-अप ११,९०,००० देईल, आणि खिशातून तेच १,१०,००० जातील. मधल्या बिलांत हे घर थोडं जास्त भरेल, मोठ्या बिलांत नाही. ४ लाखांचा निधी दोन्हीकडे पुरतो. त्यासाठी मुदत ठेवीत आणखी एक लाख टाकावे लागतील, आणि ते पुढच्या नूतनीकरणाच्या आत टाकता येतील.